सोसायटीच्या गुंतवणूक गटाचा महिन्याचा रिपोर्ट स्क्रिप्ट लिहिते, पण वाक्यं चुकीची येतात

मेघना_ठाणे

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत १८ जणांचा गुंतवणूक गट आहे, दर महिन्याच्या ५ तारखेला प्रत्येकी २००० रुपये, म्हणजे ३६,००० जमा होतात. त्यातून थोडे शेअर आणि एक-दोन इंडेक्स फंड घेतो. वर्गणी आणि शेअरची संख्या गूगल शीटमधे असते. आमच्या सी विंगमधल्या एका मुलाने पायथनमधे स्क्रिप्ट लिहून दिलीये, ती महिनाअखेरीला भाव उचलते आणि साध्या मराठीत एक पानाचा रिपोर्ट तयार करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला देते. कल्पना फार चांगली आहे कारण गटातल्या निम्म्या लोकांना तक्ते वाचायला आवडत नाहीत, वाक्यं वाचतात.

प्रश्न ऑगस्ट २०२५ च्या रिपोर्टवरून सुरू झाला. पहिला रिपोर्ट आला तो असा:

"या महिन्यात आपला फंड ३.३ टक्क्यांनी घटला. सर्वात मोठी घसरण एचडीएफसी बँक, ५३ टक्के."

ग्रुपवर एकदम घबराट. दोन काकूंनी पैसे काढायचे का म्हणून विचारलं. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की या बँकेचा बोनस आलाय, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट मिळालाय. मग शीटमधे शेअरची संख्या ६० ची १२० केली, स्क्रिप्ट परत चालवली. दुसरा रिपोर्ट:

"या महिन्यात आपला फंड ३ टक्क्यांनी वाढला."

आता हे पण पटेना, कारण ऑगस्टमधे बाजार खाली होता हे सगळ्यांनाच माहीत. आकडे देते: ३१ जुलैला एकूण ९,००,०००, २९ ऑगस्टला ९,२७,०००, बँकेतले पैसे धरून. बेरीज बरोबर आहे, मी स्वतः तपासली. तरी वाक्य खोटं वाटतंय. नक्की काय बदलायला हवं? मला सगळ्यांना समजेल असा पण खरा रिपोर्ट हवाय.

दर्यावर्दी

एचडीएफसी बँक अजिबात विकू नका. दीर्घकाळासाठी चांगला आहे. तुमच्याकडे आयटीचे शेअर आहेत का? तिथे जास्त बघायला हवं.

मेघना_ठाणे

@दर्यावर्दी धन्यवाद, पण काय घ्यावं-विकावं हा प्रश्न नाहीये. रिपोर्टमधलं वाक्य कसं लिहावं हा आहे.

आबा_सांगली

मी बँकेतून निवृत्त झालोय, आमच्याही कॉलनीत असा गट आठ-नऊ वर्षं चाललाय. तुमची गडबड सरळ आहे, ३६,००० वर्गणी ही वाढ म्हणून मोजली गेलीये. ९,२७,००० मधून ३६,००० वजा करा, ८,९१,००० राहतात, म्हणजे ९,००० चा तोटा, एक टक्का. एक्सेलमधे परतावा काढायचं XIRR हे सूत्र लावा, तारखेसकट सगळी वर्गणी टाका, जे उत्तर येईल ते रिपोर्टमधे छापा. वर्गणीचा गोंधळ XIRR आपोआप सोडवतो. म्युच्युअल फंडाची बरीचशी अ‍ॅप तेच दाखवतात.

प्रसन्न_क

आबांचं अर्धं बरोबर आहे. वर्गणी वेगळी काढायला हवी हे शंभर टक्के. पण महिन्याच्या रिपोर्टमधे XIRR टाकलात तर ग्रुपवर पुन्हा घबराट होईल. XIRR वर्षाचा दर सांगतो. तुमच्याच ऑगस्टच्या आकड्यांवर लावून बघा, ९,००,००० सुरुवातीला, ३६,००० पाच तारखेला, ९,२७,००० शेवटी, तर उत्तर जवळपास उणे साडेअकरा टक्के येतं. खरा तोटा एक टक्क्याचा, तोच महिना बारा वेळा असाच गेला तर काय होईल ते XIRR सांगतोय. एखाद्या चांगल्या महिन्यात हेच उलट होऊन अधिक ४०, अधिक ५० असले आकडे येतात आणि लोक हुरळून जातात. वर्षापेक्षा कमी काळासाठी वर्षाचा दर कुणालाच दाखवू नये.

मी गेली काही वर्षं एका गटाची अशीच स्क्रिप्ट सांभाळतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गटाचे हिशेब युनिटवर ठेवा, म्युच्युअल फंड ठेवतो तसेच. तुमचा गट सुरू झाला तेव्हा एक युनिट १०० रुपयाचं होतं असं धरा. समजा आज ७,५०० युनिट आहेत, ९,००,००० ला भागलं तर एका युनिटचा भाव १२०. आता पाच ऑगस्टला वर्गणी आली, तर ती मिळवायच्या आधी त्या दिवशीची एकूण किंमत काढायची. समजा ती ८,९४,००० होती. मग:

```python
nav_5   = 894000 / 7500             # 119.20
units   = 7500 + 36000 / nav_5      # 7802.01
nav_end = 927000 / units            # 118.82
badal   = (nav_end / 120 - 1) * 100 # -0.99
```

वर्गणी आली की युनिट वाढतात, युनिटचा भाव हलत नाही. भाव फक्त शेअर वर-खाली झाले की हलतो. म्हणून "गटाची कामगिरी" हे वाक्य नेहमी युनिटच्या भावावरून लिहायचं, एकूण रकमेवरून कधीच नाही.

आबा_सांगली

ठीक, महिन्यासाठी तुमचं मान्य. पण उत्तर तर तेच आलं, वजाबाकी करून पण एक टक्का आणि युनिट काढून पण एक टक्का. मग एवढा खटाटोप कशाला? आमच्या कॉलनीतल्या लोकांना वजाबाकी समजते, युनिट समजावताना नाकी नऊ येतील.

प्रसन्न_क

या महिन्यात तेच आलं कारण वर्गणी फंडाच्या मानाने चार टक्के आहे. गट नवा असतो तेव्हा फंड लाखभर आणि वर्गणी ३६,००० असते, तिथे वजाबाकीचं उत्तर चांगलंच भरकटतं. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, कोणाचा वाटा किती हे वजाबाकीतून कळत नाही.

समजा एकाने ५ ला २००० भरले आणि एकाने विसरून २० ला भरले. पाच तारखेला युनिट ११९.२० ला होतं, त्याला १६.७८ युनिट मिळाले. वीसला बाजार वर आला होता, युनिट समजा १२१ झालं, तर दुसऱ्याला १६.५३. भांडण नाही, दंड नाही, ज्या दिवशी पैसे खात्यात आले त्या दिवशीच्या भावाने. आमच्या गटात उशिरा भरणाऱ्यांवरून वर्षभर कुरबुर चालायची ती युनिट आल्यावर बंद झाली.

शुभदा_ताई

मी मेघनासारख्याच एका गटात आहे, पुण्यात. मला हे युनिट वगैरे वाचून एवढंच विचारायचंय की रिपोर्टमधे माझे किती झाले ते का लिहीत नाहीत? आमच्याकडे रिपोर्ट येतो त्यात फंड इतका, निफ्टी इतका, बीटा की काय तो इतका. मी एकदा विचारलं तर म्हणाले अठराने भागा. पण मी दोन वर्षं उशिरा आलेय, मला अठराने भागून कसं चालेल?

प्रसन्न_क

ताई, अठराने भागणं साफ चूक. तुमचे युनिट गुणिले आजचा भाव, तेवढे तुमचे. आबांचा XIRR नेमका इथे कामाला येतो. गटाने एका महिन्यात काय केलं त्यासाठी युनिटचा भाव, आणि तुम्ही स्वतः दोन-चार वर्षांत भरलेल्या पैशावर काय मिळवलं त्यासाठी XIRR. दोन वेगळे प्रश्न आहेत, रिपोर्टमधे दोन वेगळ्या वाक्यात यायला हवेत. आमची स्क्रिप्ट गटाचा एक रिपोर्ट काढते आणि प्रत्येकाला तीन ओळींची वेगळी चिठ्ठी: तुम्ही आतापर्यंत इतके भरले, आज त्याचे इतके आहेत, बँकेत आवर्ती ठेव केली असती तर साधारण इतके असते. वर्ष पूर्ण झालं नसेल त्याला टक्के दाखवतच नाही, फक्त रुपये.

न्यूजर्सीकर_संजू

अमेरिकेत असे गट पुष्कळ आहेत, त्यांची एक संस्था १९५१ पासून आहे, आता तिचं नाव BetterInvesting. तिथे युनिटचाच हिशेब चालतो, सुरुवात १० डॉलरला एक युनिट. आमच्या मराठी मित्रमंडळींचा गट त्यांच्याच पद्धतीने चालतो. गटाची रीतसर भागीदारी नोंदवलेली असते आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला K-1 नावाचा फॉर्म मिळतो, नफा-तोटा ज्याचा त्याच्या करात जातो. तुमचं डिमॅट कुणाच्या नावावर आहे? रिपोर्टवर त्याचा परिणाम होईल.

मेघना_ठाणे

तिघांच्या संयुक्त नावावर आहे, पहिलं नाव आमच्या अध्यक्षांचं. त्याबद्दल नंतर विचारणारच होते. आधी बोनसचं सांगा ना कुणीतरी, ते दरवेळी हाताने शीट बदलत बसायचं का? आणि पहिला रिपोर्ट तसा का आला ते मुलांना नीट समजावून सांगायचंय.

प्रसन्न_क

ऑगस्टमधे एचडीएफसी बँकेचा १:१ बोनस होता, रेकॉर्ड डेट २७ ऑगस्ट. त्या दिवशी गणेश चतुर्थी, बाजार बंद, म्हणून शेअर २६ पासूनच बोनस वगळलेल्या, म्हणजे साधारण निम्म्या भावाने चालू झाला. महिन्याच्या सुरुवातीला भाव दोन हजारच्या आसपास, २९ ला साडेनऊशेच्या आसपास. तुमच्या शीटमधे ६० शेअर तसेच राहिले, म्हणून स्क्रिप्टला ५७,००० रुपये हवेत गेलेले दिसले. प्रत्यक्षात तो शेअर महिन्यात पावणेसहा टक्क्यांच्या आसपास उतरला होता, ५३ नाही.

हे दरवर्षी कुठे ना कुठे होतंच. ऑक्टोबर २०२४ मधे रिलायन्सचा १:१ बोनस होता, तेव्हा पण अनेक घरगुती शीटांमधे रिलायन्स अर्धा झालेला दिसला. जानेवारी २०२५ मधे आयटीसीमधून आयटीसी हॉटेल्स वेगळी झाली, दहा आयटीसीला एक हॉटेल्स. तिथे आयटीसीचा भाव खाली येतो आणि जो नवा शेअर मिळतो तो शीटमधे नसतोच, बोनसपेक्षा लपायला सोपं कारण पडझड छोटी दिसते.

मी तीन गोष्टी करतो. एक, कुठलाही शेअर महिन्यात २५ टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर स्क्रिप्ट रिपोर्ट लिहितच नाही, मला मेल करते की हे बघ. दोन, शेअरची संख्या शीटवरून न घेता डिपॉझिटरीकडून जे स्टेटमेंट मेलवर येतं त्याच्याशी जुळवतो. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्या महिन्यात ते येतं आणि बोनस जमा होणं हे पण त्यात दिसतं. तीन, मागच्या महिन्याचे आकडे परत काढत नाही.

मेघना_ठाणे

तिसरं कळलं नाही. परत काढले तर काय बिघडतं?

प्रसन्न_क

तुमची स्क्रिप्ट भाव कुठून घेते? याहूवरचे भाव उचलणारी `yfinance` लायब्ररी असेल ना?

मेघना_ठाणे

हो, त्याने तेच वापरलंय.

प्रसन्न_क

मग ऐका, कारण हे फार छुपं आहे. तिथे जुने भाव बोनस आणि स्प्लिटप्रमाणे मागे जाऊन बदलतात. आज ३१ जुलैचा एचडीएफसी बँकेचा भाव मागितला तर तो दोन हजार नाही, हजारच्या आसपास मिळेल. जुलैमधे तुमच्याकडे शेअर ६० होते. ६० गुणिले हजार, म्हणजे जुलैची किंमत निम्मीच येते आणि ऑगस्टमधे १२० गुणिले साडेनऊशे. स्क्रिप्ट म्हणेल एचडीएफसी बँकेतली तुमची रक्कम महिन्यात जवळजवळ दुप्पट झाली. `auto_adjust=False` दिलं की फक्त लाभांशाचा बदल थांबतो, बोनसचा थांबत नाही. बरेच जण तिथे फसतात, ते लावलं म्हणजे मूळ भाव मिळाला असं समजतात.

त्यामुळे महिनाअखेरीला एकूण किंमत, युनिट, युनिटचा भाव, प्रत्येक शेअरची संख्या आणि त्या दिवशीचा भाव एका फाईलमधे लिहून टाकायचं आणि पुढच्या महिन्यात तिथूनच वाचायचं. त्या दिवशीचा मूळ भाव एनएसईच्या भावकॉपीत मिळतो, रोजची फाईल असते. शेअर थोडे असतील तर तेच घ्या.

आबा_सांगली

एक भर घालतो. लाभांश बँक खात्यात जमा होतो, डिमॅटमधे नाही. आमच्याकडे एका वर्षी हिशेबनीसांनी फक्त शेअरची किंमत धरली आणि लाभांश धरलाच नाही. बँकेची शिल्लक रिपोर्टमधे पाहिजेच. मेघनाताई, तुम्ही धरलीये हे चांगलं केलंत.

प्रसन्न_क

अगदी. आणि त्याच्या उलट बाजूने निफ्टीशी तुलना करताना लाभांश धरलेला निफ्टी घ्यायचा, त्याला टीआरआय म्हणतात. टीव्हीवर दिसतो त्या निफ्टीत लाभांश नसतो. वर्षाला एक-सव्वा टक्क्याचा फरक पडतो आणि तो नेहमी आपल्याच बाजूने पडतो, म्हणजे आपण उगीच हुशार दिसतो. एका महिन्याच्या तुलनेत मात्र फार बिघडत नाही.

कौस्तुभ_सी

मीच तो सी विंगवाला, मेघना काकूंनी लिंक दिली. वाचून सगळं कळलं, युनिटचं आणि फाईलचं या आठवड्यात करतो. माझा प्रश्न वाक्यांचा आहे. आत्ता माझ्या कोडमधे शून्याच्या वर असेल तर "वाढला" आणि खाली असेल तर "घटला" एवढंच आहे. त्यामुळे ०.०४ टक्क्याला पण "वाढला" येतं. आणि पायथन ९२७,००० असं छापतो, आजोबा लोक म्हणतात हे किती?

प्रसन्न_क

आकड्यासाठी `babel` लायब्ररी घे, `format_decimal(927000, locale="en_IN")` दिलंस की लाखाच्या जागी स्वल्पविराम येतो.

वाक्यांसाठी पट्टे कर. अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर "जवळपास तेवढाच राहिला". अर्धा ते दोन "थोडा". दोन ते पाचला कुठलंही विशेषण नको, नुसता आकडा. पाचच्या पुढे "बराच", आणि तेव्हा कारणाचं एक वाक्य माणसाने लिहायचं, स्क्रिप्टने नाही. कारण स्क्रिप्टला फक्त कुठल्या शेअरमुळे किती रुपये कमी-जास्त झाले हे माहीत असतं, तो शेअर का पडला हे माहीत नसतं. आमच्या जुन्या स्क्रिप्टमधे "जागतिक अस्थिरतेमुळे" असं वाक्य कायमचं घातलेलं होतं, प्रत्येक लाल महिन्यात यायचं. मी ते काढायला लावलं.

आणि टक्क्याबरोबर रुपये दे, पण शेअर टक्क्यांच्या क्रमाने लावू नकोस, रुपयांच्या क्रमाने लाव. एखादा तीन हजाराचा शेअर २० टक्के पडला तर सहाशे रुपये गेले, आणि सव्वा लाखाचा पावणेसहा टक्के उतरला तर सात हजार. पहिल्या ओळीत कोण यायला हवं?

शुभदा_ताई

हे मला पटलं. आमच्या रिपोर्टात नेहमी कुठलातरी छोटा शेअर वरच्या ओळीत असतो.

कौस्तुभ_सी

मग ऑगस्टचा असा लिहू का? बघा:

"ऑगस्टमधे आपल्या गटाचे पैसे थोडे कमी झाले. महिन्याच्या सुरुवातीला जिथे १०० रुपये होते तिथे आता साधारण ९९ आहेत. निफ्टी याच काळात २४,७६८ वरून २४,४२७ वर आला, म्हणजे १०० चे साडेअठ्ठ्याण्णवच्या थोडे वर. एकूण रक्कम ९,००,००० ची ९,२७,००० दिसते, त्यात ३६,००० आपण सर्वांनी भरलेली वर्गणी आहे. ती बाजूला ठेवली तर ९,००० कमी झाले, त्यातले सुमारे ७,००० एचडीएफसी बँकेमुळे. या बँकेने एकावर एक शेअर बोनस दिलाय, म्हणून तिचा भाव निम्मा दिसतो पण आपले शेअर ६० चे १२० झालेत."

मेघना_ठाणे

कौस्तुभ, हे मी आत्ता आईला वाचून दाखवलं, तिला एकदा वाचून कळलं आणि तिने लगेच विचारलं की मग पैसे काढायची गरज नाही ना. हाच रिपोर्ट पहिल्यांदा आला असता तर ग्रुपवर एवढं झालं नसतं.

आबा_सांगली

मसुदा चांगला आहे. फक्त "आम्ही निफ्टीपेक्षा चांगले" असा सूर एका महिन्यावरून येऊ देऊ नका. अर्ध्या टक्क्याचा फरक आहे, तो योगायोग पण असू शकतो. आम्ही तुलनेचं वाक्य मार्च आणि सप्टेंबरलाच छापतो.

कौस्तुभ_सी

आकडा ठेवू आणि "चांगले" शब्द टाळू असं करतो. लोकं विचारतातच निफ्टी काय झाला म्हणून.

न्यूजर्सीकर_संजू

माझा प्रश्न राहिला. कुणी गट सोडला तर त्याला युनिटच्या भावाने पैसे द्याल, पण त्यासाठी शेअर विकले की कर लागेल तो कोण भरणार?

मेघना_ठाणे

सध्या अध्यक्षांच्या पॅनवर येतो आणि ते गटाकडून भरून घेतात. अजून मोठी विक्री झालीच नाहीये त्यामुळे वेळ आली नाही. शिवाय त्यांचे स्वतःचे पण शेअर आहेत.

प्रसन्न_क

इथेच अडचण आहे. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के, वर्षानंतर साडेबारा, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा माफ. पण ती सव्वा लाखाची माफी एका पॅनला एकच. अध्यक्षांनी स्वतःचे शेअर विकून ती वापरली असेल तर गटाच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून कर. म्हणजे युनिटचा भाव ११८.८२ छापलाय पण आज सगळं विकलं तर हातात त्यापेक्षा कमी येतील. आम्ही रिपोर्टच्या तळाशी "अजून न विकलेल्या नफ्यावरचा अंदाजे कर" अशी एक ओळ देतो, युनिटच्या भावातून मात्र वजा करत नाही.

आबा_सांगली

माझं मत उलट आहे. वजा करायलाच हवा. नाहीतर आधी सोडून जाणारा पूर्ण भावाने पैसे नेतो आणि कर मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर बसतो. आमच्याकडे सोडणाऱ्याच्या वाट्यातून कर कापूनच पैसे देतात, ठराव करून ठेवलाय.

प्रसन्न_क

सोडणाऱ्याकडून कापणं योग्यच, त्यात वाद नाही. पण भावातच वजा केलं तर नव्याने येणाऱ्याला स्वस्तात युनिट मिळतील आणि कर कदाचित पाच वर्षं लागणारच नाही. शिवाय गटाचं स्वरूप कायद्याने काय धरलं जाईल, तीन व्यक्तींचं संयुक्त खातं की व्यक्तींचा समूह, त्यावर दर पण बदलू शकतात. हे सीएला विचारून मगच ठरवा, स्क्रिप्टमधे आत्ताच घालू नका.

मेघना_ठाणे

आमच्या बी विंगमधे सीए आहेत, रविवारी मीटिंगला बोलावते. कौस्तुभ, तोपर्यंत कराची ओळ तळाशी ठेव, "अंदाजे" लिहूनच. आणि युनिटचे आकडे पहिल्या महिन्यापासून भरायचे म्हटलं तर जुन्या पासबुकातून वर्गणीच्या तारखा काढाव्या लागतील, ते मी आणि आई बसून काढतो.

कौस्तुभ_सी

काकू, जुन्या तारखांचे भाव मी भावकॉपीतून घेईन, पण त्या-त्या दिवशी शेअर किती होते ते ब्रोकरच्या काँट्रॅक्ट नोटमधून लागेल. सुरुवातीच्या वर्षाच्या नोट कुणाच्या मेलवर आहेत?

मेघना_ठाणे

तेव्हाच्या सेक्रेटरींच्या मेलवर, ते आता नाशिकला असतात. फोन करते.